बारा शब्द कुठे ठेवायचे?

स्वतःचं क्रिप्टो वॉलेट कसं उघडायचं, हे मागच्या भागात आपण बघितलं. त्यानंतर आलेले बहुतेक मेसेज एकाच गोष्टीबद्दल होते. ॲपनं बारा इंग्रजी शब्द दाखवले आणि खाली लिहिलं की हे सुरक्षित ठिकाणी लिहून ठेवा. सुरक्षित ठिकाण म्हणजे नक्की कुठलं, ते मात्र ॲप सांगत नाही. म्हणून आजचा सगळा भाग त्या बारा शब्दांवर. क्रिप्टो घ्यावं की नाही, भाव कुठे जाणार, यातलं आज काहीही नाही. ज्यांनी घेतलंय त्यांच्यासाठी हे आहे.

आधी एक गैरसमज काढून टाकू. सीड फ्रेज म्हणजे पासवर्ड नव्हे. पासवर्ड विसरला तर कंपनी नवा देते. इथे कंपनीच नाही. तुमचं बिटकॉइन फोनमध्ये नसतं, ॲपमध्येही नसतं. त्याची नोंद जगभरच्या ब्लॉकचेनवर असते आणि ते हलवायची चावी या बारा शब्दांमधून तयार होते. फोन विहिरीत पडला तरी चालेल, नव्या फोनवर शब्द टाकले की पैसे परत दिसतात. शब्द गेले आणि फोनही गेला, तर मात्र पैसे ब्लॉकचेनवर दिसत राहतात, पण हलवता येत नाहीत. आणि उलट बाजू अशी की शब्द ज्याच्या हातात पडले, तो मालक. त्याला तुमचा फोन, ओटीपी, अंगठा, काही काही लागत नाही.

तुमची खरेदी एक्स्चेंजवरच पडून असेल, तर तुमच्याकडे हे शब्द नसतातच. चावी त्यांच्याकडे असते. जुलै २०२४ मध्ये वझीरएक्सवरून २३ कोटी डॉलरहून जास्त किमतीचं क्रिप्टो चोरीला गेलं, ते अशाच कंपनीच्या ताब्यातल्या वॉलेटमधून. स्वतःचं वॉलेट उघडलं की तो धोका जातो, पण शब्द सांभाळायची सगळी जबाबदारी आपल्यावर येते.

आता मुद्दा. या शब्दांचे शत्रू तीन. आग, चोर आणि विसर. गंमत म्हणजे तिघांचं आपापसात पटत नाही. आगीपासून वाचायचं तर दोन-तीन प्रती हव्यात, लांब लांब ठेवलेल्या. चोरापासून वाचायचं तर प्रती जितक्या कमी तितकं बरं. मग दोघांनाही चकवायला आपण काहीतरी डोकं लढवतो, शब्दांचा क्रम बदलतो, तुकडे करतो, आणि सात वर्षांनी आपणच विसरतो की नेमकं काय केलं होतं. एका शत्रूचा बंदोबस्त केला की दुसऱ्याला दार उघडतं. त्यामुळे कुठलीही युक्ती ऐकली की तिला तीन प्रश्न विचारायचे. एक जागा पूर्ण नष्ट झाली तर काय? एक जागा चोराला सापडली तर काय? आणि मी सगळं विसरलो, किंवा मी नसलोच, तर घरच्यांना हे उलगडेल का?

या तीन प्रश्नांवर आपण एक खूप लोकप्रिय युक्ती घासून बघू. इन्स्टावर, यूट्यूबवर ती सारखी दिसते. बारा शब्दांचे तीन कागद करायचे. पहिल्या कागदावर १ ते ८, दुसऱ्यावर ५ ते १२, तिसऱ्यावर १ ते ४ आणि ९ ते १२. तीन कागद तीन ठिकाणी. कुठलाही एक कागद जळाला तरी उरलेल्या दोघांवर मिळून सगळे बारा शब्द असतात. आणि चोराला एक कागद सापडला तरी त्याच्याकडे आठच शब्द, चार गायब. ऐकायला एकदम झकास वाटतं ना?

पहिल्या प्रश्नात ही युक्ती पास होते. दुसऱ्यात पार आपटते. का, ते समजायला थोडं आत जावं लागेल, पण सोपं आहे.

हे शब्द कुठूनही येत नाहीत. २०१३ मध्ये बीआयपी-३९ नावाचा एक मसुदा आला आणि आज बहुतेक वॉलेट त्याच पद्धतीनं चालतात. त्यात २०४८ इंग्रजी शब्दांची ठरलेली यादी आहे, `abandon` पासून `zoo` पर्यंत. यादी सगळ्यांसाठी खुली आहे. म्हणजे एक शब्द गायब असेल तर तो २०४८ पैकीच एक असणार. दोन गायब असतील तर २०४८ गुणिले २०४८. चार गायब असतील तर हा आकडा साधारण साडेसतरा लाख कोटी होतो. शिवाय शेवटच्या शब्दात एक तपासणी दडलेली असते, तिला चेकसम म्हणतात. आपल्या आधार क्रमांकाचा शेवटचा आकडा जसा आधीच्या आकड्यांवरून ठरतो, तसंच काहीसं. बारा शब्दांच्या बाबतीत ही तपासणी १६ पैकी १५ चुकीचे संच लगेच बाद करते. उरतात साधारण एक लाख दहा हजार कोटी शक्यता.

माणसाला हा आकडा अफाट वाटतो. संगणकाला वाटत नाही, आणि हे नुसतं कागदावरचं गणित नाही. २०२० मध्ये ॲलिस्टर मिल्न नावाच्या गुंतवणूकदारानं ट्विटरवर एक स्पर्धा लावली. एका वॉलेटमध्ये एक अख्खं बिटकॉइन ठेवलं आणि त्याचे बारा शब्द तो थोड्या थोड्या दिवसांनी एकेक करून जाहीर करत गेला. लोक बाराव्या शब्दाची वाट बघत बसले. जॉन कँट्रेल नावाच्या प्रोग्रॅमरनं आठव्या शब्दानंतर वाट बघणं थांबवलं. ग्राफिक्स कार्डवर चालणारा प्रोग्रॅम लिहिला, इंटरनेटवरून बरीचशी ग्राफिक्स कार्डं भाड्यानं घेतली आणि उरलेल्या चार शब्दांच्या सगळ्या शक्यता तपासायला लावल्या. साधारण तीस तासांत वॉलेट उघडलं. त्यानं बिटकॉइन काढून घेतलं आणि सगळं कसं केलं ते लिहूनही ठेवलं.

आठ शब्द माहीत, चार गायब. आपल्या तीन कागदांपैकी कुठलाही एक कागद हातात आला तर नेमकी हीच परिस्थिती असते. म्हणजे ती युक्ती करून तुम्ही चोरासाठी एकाऐवजी तीन जागा तयार केल्या आणि तिन्ही ठिकाणी जवळपास अख्खी चावी ठेवली.

शब्द चोवीस असतील तर हेच गणित बरंच बदलतं. तिथे एका कागदावर सोळा शब्द आणि आठ गायब, आणि आठ शब्द शोधणं आजच्या संगणकांना परवडणारं नाही. पण तिसरा प्रश्न उरतोच. दहा वर्षांनी तुमच्या बहिणीच्या हातात सोळा शब्दांचा एक कागद पडला, तर तिला कसं कळणार की आणखी दोन कागद आहेत, आणि कुठे आहेत?

मग क्रम बदलून लिहिला तर? हाही आवडता उपाय. बारा शब्दांचे वेगवेगळे क्रम सुमारे ४८ कोटी होतात. आत्ताच आपण एक लाख दहा हजार कोटींचं काय झालं ते बघितलं, तेव्हा ४८ कोटींची काय कथा. चोर अडत नाही आणि विसरभोळा मालक मात्र नक्की अडतो. खरंच तुकडे करायचे असतील तर त्यासाठी एसएलआयपी-३९ नावाची वेगळी पद्धत आहे, ट्रेझरच्या हार्डवेअर वॉलेटमध्ये ती मिळते. त्यात तीनपैकी कुठलेही दोन संच लागतात आणि एकट्या संचावरून काहीच कळत नाही. पण ते संच वॉलेटच तयार करतं. साध्या बारा शब्दांची आपण घरी कात्रीनं केलेली वाटणी म्हणजे ते नव्हे.

तर माझं मत सरळ आहे. बहुतेकांसाठी उत्तर असं: पूर्ण शब्द, योग्य क्रमानं, स्टीलवर, दोन लांबच्या जागी. चलाखी शब्दांमध्ये करायची नाही, जागा निवडण्यात करायची. आता हे करायचं कसं, ते नीट बघू.

सुरुवात कागदावरच करायची. आणि इथे फोन हातातून खाली ठेवा. स्क्रीनशॉट नको, फोटो नको, स्वतःलाच व्हॉट्सॲप नको, ईमेलचा ड्राफ्ट नको. गॅलरी आपोआप क्लाउडवर चढते हे तर आहेच. पण २०२५ च्या सुरुवातीला कॅस्परस्की या कंपनीच्या संशोधकांनी स्पार्ककॅट नावाचा एक घातक प्रोग्रॅम शोधला. तो साध्यासुध्या दिसणाऱ्या ॲपमध्ये लपलेला होता, आणि ती ॲप गूगल प्ले आणि ॲपल दोन्हीच्या अधिकृत स्टोअरवर होती. फोटो बघायची परवानगी दिली की तो गॅलरीतल्या प्रत्येक फोटोतली अक्षरं वाचायचा आणि सीड फ्रेजसारखं काही दिसलं की ते चित्र बाहेर पाठवायचा. चोराला तुमच्या घरी यावंच लागलं नाही. म्हणून शब्द ज्या क्षणी कॅमेऱ्यासमोर किंवा कीबोर्डवर येतात, त्या क्षणी ते लपलेले राहिले नाहीत असं धरून चाला. अपवाद एकच, वॉलेट परत उघडताना त्याच वॉलेटमध्ये ते टाकणं.

लिहिताना इंग्रजी मोठ्या लिपीत, सुटं सुटं, प्रत्येक शब्दाला आकडा घालून लिहा. जोडून लिहिलेल्या घाईच्या अक्षरात `hand` आणि `hard` सारखेच दिसतात, आणि दोन्ही शब्द त्या यादीत आहेत. आकडे यासाठी की दोन रकान्यांत लिहिलेले शब्द आडवे वाचायचे की उभे, हे काही वर्षांनी लक्षात राहत नाही. आणि हो, चोराला कळू नये म्हणून देवनागरीत लिहू नका. `right` आणि `write` दोन्ही यादीत आहेत. देवनागरीत दोन्ही राइट. मग बसा ठरवत.

शब्दांखाली आणखी दोन गोष्टी लिहा: कुठलं वॉलेट वापरलं आणि कुठल्या साली. हे फालतू वाटतं, पण सगळी वॉलेट एकच पद्धत वापरत नाहीत. इलेक्ट्रम नावाचं जुनं बिटकॉइन वॉलेट शब्द त्याच इंग्रजी यादीतले घेतं, पण त्यांचा हिशोब वेगळा करतं. ते बारा शब्द दुसऱ्या ॲपमध्ये टाकले तर ते चुकीचे ठरवले जातात आणि माणूस घाबरतो की आपण लिहितानाच चुकलो.

आता सगळ्यात महत्त्वाची पायरी, जी जवळजवळ कुणीच करत नाही. वॉलेटमध्ये अगदी थोडी रक्कम टाका, पाचशे-हजार रुपयांची. मग पैसे मागवायचा जो पत्ता ॲप दाखवतं, त्याची सुरुवातीची आणि शेवटची काही अक्षरं टिपून घ्या. आता वॉलेट पूर्ण पुसून टाका आणि फक्त त्या कागदावर बघून परत उघडा. पत्ता तोच आला आणि पाचशे रुपये दिसले, तर तुमचा कागद खरा. नाही आला, तर पाचशे रुपयांत धडा मिळाला. मोठी रक्कम त्यानंतर. शब्द बरोबर आहेत का ते तपासून देतो म्हणणारी कुठलीही वेबसाइट वापरायची नाही, त्यातल्या बऱ्याचशा शब्द चोरायलाच बांधलेल्या असतात. हार्डवेअर वॉलेटच्या डब्यात आधीच शब्द छापलेलं कार्ड आलं, तर तो डबा सरळ परत करायचा. शब्द नेहमी यंत्रानं तुमच्यासमोर नवे तयार करायला हवेत.

कागद खरा ठरला. पण कागद हा कागदच. सव्वादोनशे-अडीचशे अंशांना पेटतो आणि घराला लागलेल्या आगीत खोलीचं तापमान सहाशेच्या वर सहज जातं. आगीच्या आधीही त्याला वाळवी आहे, कसर आहे, कोकणातला पावसाळा आहे, जेल पेनाची पसरणारी शाई आहे. लॅमिनेशनमुळे पाणी अडतं, आगीत मात्र प्लॅस्टिक वितळून कागदालाच चिकटतं.

म्हणून स्टील. आणि यात आपल्याकडे काही नवीन नाही. तुमच्या घरातला एखादा डबा उलटा करून बघा, आजीचं नाव आणि लग्नाची तारीख कोरलेली असेल. चाळीस वर्षं घासूनही ती वाचता येते. तीच कल्पना. फक्त भांड्याच्या दुकानातल्या कोरणाऱ्या काकांकडे ही यादी घेऊन जाऊ नका. हे काम स्वतःच करायचं.

लागतं काय? दीड ते दोन मिलिमीटर जाडीची स्टेनलेस स्टीलची पट्टी, तळहाताएवढी. फॅब्रिकेशनवाल्याकडे असे तुकडे पडलेले असतात. हार्डवेअरच्या दुकानात अक्षरांच्या पंचांचा सेट मिळतो, ए पासून झेड पर्यंत, तीन किंवा चार मिलिमीटर उंचीचा. आकड्यांचा सेट वेगळा असतो. एक बऱ्यापैकी वजनाचा हातोडा आणि खाली ठेवायला जाड लोखंडी ठोकळा. फरशीवर ठोकू नका, फरशी फुटेल आणि अक्षर उमटणार नाही. एका अक्षराला एकच दणका, जोरात. पंच उचलून पुन्हा ठेवला की अक्षर दुहेरी उमटतं. आधी दुसऱ्या एका तुकड्यावर सराव करा, तो तुकडा पुढे लागणार आहे.

इतकी अक्षरं कोण ठोकत बसणार, असं वाटत असेल तर एक चांगली बातमी आहे. ती २०४८ शब्दांची यादी अशी बनवली आहे की पहिल्या चार अक्षरांत प्रत्येक शब्द वेगळा पडतो. त्यामुळे प्रत्येक शब्दाची पहिली चारच अक्षरं पुरतात. बारा शब्दांना ४८ दणके, वर आकडे. शब्द तीनच अक्षरी असेल तर चौथ्या जागी आडवी रेघ मारा. हे महत्त्वाचं आहे, कारण यादीत `act` आहे आणि `action`, `actor`, `actual` हेही आहेत. रेघ नसेल तर पुढे प्रश्न पडतो की शब्द संपला की अक्षर राहून गेलं.

```
1 ACT-
2 RIGH
3 ZOO-
```

हा फक्त नमुना आहे बरं का, असं वॉलेट नाही.

आता तो सरावाचा तुकडा घ्या. त्यावर काहीतरी बिनकामाचे शब्द उमटवलेले आहेत. खिडकी उघडी ठेवून तो सांडशीनं गॅसच्या शेगडीवर दहा मिनिटं धरा, लाल होईपर्यंत, आणि मग पाण्यात टाका. स्टील निळं-काळं पडेल, कदाचित थोडं वाकेल, पण ठोकलेलं अक्षर वाचता येईल. मार्करनं लिहिलेलं उडून जाईल. इलेक्ट्रिक पेननं वरवर ओरखडलेलं असेल तर काळपट थराखाली अंधूक होतं. म्हणून मी पंचाच्या बाजूनं आहे. स्टेनलेस स्टील १४०० अंशांच्या आसपास वितळतं, घराची आग सहसा तिथे पोहोचत नाही. ॲल्युमिनियम ६६० अंशांनाच वितळतं, तेव्हा ते नको. जस्त चढवलेला पत्रा तर गॅसवर धरूच नका, त्याचा धूर घातक असतो.

बाजारात तयार पट्ट्याही मिळतात, त्यात सुटी अक्षरं खाचेत सरकवायची असतात. जेम्सन लॉप नावाचा बिटकॉइन क्षेत्रातला जाणकार बरीच वर्षं अशा पट्ट्या विकत घेऊन जाळतो, ॲसिडमध्ये बुडवतो, दाबयंत्राखाली चिरडतो आणि निकाल जाहीर करतो. त्याला वारंवार दिसलेली गोष्ट अशी की सुट्या अक्षरांची चौकट वाकली की अक्षरं सांडतात. ठोकलेल्या साध्या पट्टीत सांडायला काही नसतंच.

अशा दोन पट्ट्या करा. कागद मग जाळून टाका. आता जागा.

समजा तुम्ही पुण्यात चार मुलांबरोबर भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहता, घर सांगलीला आहे आणि वॉलेटमध्ये चार लाख रुपये आहेत. फ्लॅटमध्ये काहीही ठेवायचं नाही. खोली बदलते, रूममेट बदलतात, घरमालकाकडे किल्ली असते. पहिली पट्टी सांगलीच्या घरी. दुसरी सांगलीतल्याच बँकेच्या लॉकरमध्ये? घराची आग बँकेपर्यंत जात नाही हे खरं, पण ऑगस्ट २०१९ चा पूर आठवा. कृष्णेच्या पाण्यानं घर आणि बाजारपेठ असं वेगवेगळं काही बघितलं नव्हतं. स्टीलला पाण्यानं काही होत नाही, पण पट्टी वाहून गेली किंवा गाळात गेली तर उपयोग काय. म्हणून दुसरी पट्टी दुसऱ्या गावात. पुण्यात लॉकर मिळत असेल तर तिथे, नाहीतर पुण्यातल्या मावशीकडे, सीलबंद पाकिटात.

लॉकरबद्दल एक गोष्ट माहीत असू द्या. आत काय आहे ते बँकेला माहीत नसतं. आग, चोरी किंवा कर्मचाऱ्याच्या लबाडीनं ते गेलं, तर रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे बँकेची जबाबदारी वर्षाच्या भाड्याच्या शंभर पटीपर्यंतच असते. भाडं तीन हजार असेल तर जास्तीत जास्त तीन लाख. पुरासारख्या नैसर्गिक आपत्तीत तेही नाही. आणि सात वर्षं लॉकर उघडलाच नाही आणि तुमचा पत्ताही लागला नाही, तर भाडं भरलेलं असलं तरी बँक तो उघडू शकते. वर्षातून एक चक्कर मारलेली बरी.

घरी ठेवताना दागिन्यांच्या कपाटात ठेवू नका. घरफोडी करणारा पहिल्यांदा तिथेच जातो आणि तिजोरी लहान असेल तर उचलूनच नेतो. पण फार चलाख जागाही नको. माळ्यावरच्या जुन्या डब्यात टाकलेली एक काळपट पट्टी दिवाळीच्या साफसफाईत भंगारवाल्याकडे जाते, किलोच्या भावानं. आपल्या घरांमध्ये एक गोष्ट कुणी कधीच टाकत नाही, ती म्हणजे घराच्या कागदपत्रांची फाइल. ती दागिन्यांपासून वेगळी ठेवलेली असेल तर पट्टी तिथे चांगली. पाकिटावर बिटकॉइन असं लिहायचं नाही.

आता आपल्या तीन प्रश्नांनी हे तपासू. घर जळालं तर पुण्याची पट्टी आहे. विसरलात तर शब्द पूर्ण आहेत, क्रमानं आहेत, उलगडायला काही नाही. राहिला चोर. इथे ही पद्धत कमजोर आहे, हे मान्य करायला हवं. जो पट्टी ओळखेल, तो पैसे नेऊ शकतो.

त्यावर एक उपाय आहे, पासफ्रेज. बऱ्याच वॉलेटमध्ये बारा शब्दांशिवाय तुमचा स्वतःचा एक जादा शब्द किंवा वाक्य जोडता येतं. मग पट्टी सापडूनही चोराला रिकामं वॉलेट दिसतं. उत्तम. पण याला चेकसम नाही. पासफ्रेजमध्ये एक अक्षर चुकलं, एक कॅपिटल स्मॉल झालं, एक जागा जास्त सुटली, तरी ॲप चूक दाखवत नाही. ते मुकाट्यानं दुसरंच एक रिकामं वॉलेट उघडतं. आता पैसे गेले की आपण चुकीचं टाइप केलं, हे कसं कळणार? पासफ्रेज फक्त डोक्यात ठेवणाऱ्यांचं इथेच बिनसतं. स्टीफन थॉमस या प्रोग्रॅमरची गोष्ट २०२१ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सनं छापली होती. ७००२ बिटकॉइनची चावी एका कुलूपबंद पेन ड्राइव्हमध्ये, पासवर्डचा कागद हरवलेला, आणि दहा चुकांनंतर ड्राइव्ह कायमचा बंद होणार. तेव्हा त्याचे आठ प्रयत्न संपले होते. चोर नव्हता, आग नव्हती.

म्हणून पासफ्रेज लावायचाच, तर त्याच्याही दोन लेखी प्रती हव्यात आणि त्यातली एकही पट्टीच्या शेजारी नको. म्हणजे दोनच्या चार जागा झाल्या. रक्कम मोठी असेल तर करा. चार लाखांसाठी मी करणार नाही. मी पाकिटाला सील करीन.

सील म्हणजे काही विशेष नाही. पट्टी जाड, काळ्या कागदात गुंडाळायची, पाकिटात घालायची, झाकणावर चिकटपट्टी लावायची आणि अर्धी सही पट्टीवर, अर्धी कागदावर येईल अशी करायची. सहीचा फोटो फोनमध्ये ठेवला तर चालेल, त्यात शब्द नाहीत. वर्षातून एकदा दोन्ही पाकिटं बघायची. सही जुळली की परत ठेवून द्यायचं, उघडायचं नाही.

आणि घरच्यांसाठी एक चिठ्ठी, मराठीत. एका श्रोत्यानं विचारलं होतं की आईला बिटकॉइन म्हणजे काय तेच माहीत नाही, तिला काय सांगू? तिला तांत्रिक काही सांगायची गरज नाही. चिठ्ठीत तीनच गोष्टी लिहा. फाइलमधलं सीलबंद पाकीट पैशांचं आहे, टाकायचं नाही. तसंच दुसरं पाकीट मावशीकडे आहे. आणि ते उघडायची वेळ आली तर फक्त अमक्या माणसाला सोबत घेऊन उघडायचं, कुणालाही फोटो पाठवायचा नाही, फोनवर वाचून दाखवायचं नाही. चिठ्ठीत शब्द लिहायचे नाहीत.

एखाद्या वर्षी सही जुळली नाही, पाकीट फाटलेलं दिसलं, किंवा पट्टी जागेवर नाही, तर चौकशी नंतर. आधी त्याच दिवशी नवं वॉलेट, नवे शब्द, आणि सगळे पैसे तिकडे. जुने शब्द बदलता येत नाहीत, त्यातून फक्त बाहेर पडता येतं. पैसे हलवायला जुनं वॉलेट फोनमध्ये उघडं नसेल तर दुसरी पट्टी लागेल, म्हणूनही ती दुसऱ्या गावात. नव्या पट्ट्या ठोका, त्यांच्यावर साल घाला म्हणजे जुन्या-नव्याचा घोळ होणार नाही. आणि उरलेली जुनी पट्टी लगेच मोडीत काढू नका. जुना पत्ता तुम्ही कुणाला दिलेला असेल, तर तो त्यावर पुढेही पैसे पाठवू शकतो आणि ते काढायला जुनेच शब्द लागतात. तेवढं सगळ्यांना कळवून होईपर्यंत ती राहू द्या.